पंचवीस बाटल्या पाणी आणि सगळं माफ

डोकं फिरलंय. 'फॉलआउट 3' परत खेळलो, या वेळी मुद्दाम वाईट वागून. पहिल्यांदा भला माणूस होऊन खेळलो होतो. म्हटलं, आता नरकात जाऊन बघू, गोष्ट कुठे वेगळी वळते ते कळेल. तीस-चाळीस तास घातले आणि पुन्हा त्याच दारात, त्याच माणसांसमोर, तीच वाक्यं ऐकत उभा राहिलो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 2008 सालचा गेम. अणुयुद्धानंतरचं वॉशिंग्टन. तुमचे वडील भूमिगत तळघरातून अचानक निघून जातात आणि तुम्ही त्यांच्या मागे बाहेर पडता. अगदी सुरुवातीलाच मेगाटन नावाचं एक गाव लागतं. पत्र्याचं, गंजलेलं, मध्यभागी न फुटलेला अणुबॉम्ब असलेलं. स्फोटकांचं थोडं ज्ञान असेल तर तो बॉम्ब निकामी करता येतो. नाहीतर मिस्टर बर्क नावाच्या सुटातल्या माणसाचं ऐकायचं, बॉम्बला यंत्र जोडायचं, दूरच्या टेनपेनी टॉवरच्या गच्चीत जायचं आणि बटण दाबायचं. मी दाबलं. आकाश पांढरं झालं, ढग वर चढला. ज्या दुकानदारणीशी अर्धा तास गप्पा मारल्या होत्या, ज्या शेरीफने वेशीवर स्वागत केलं होतं, ते गाव राहिलंच नाही. स्क्रीनवर अक्षरं आली की कर्म गमावलं. उणे 1000.

हो, चांगलं-वाईट मोजणाऱ्या त्या मीटरचं नावच कर्म आहे. आपला शब्द. आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. आपल्याकडे कर्माचा हिशेब कसा सांगतात? चित्रगुप्ताच्या वहीत प्रत्येक कृत्याची वेगळी ओळ असते. दान केलंस त्याचं फळ वेगळं, घात केलास त्याचं वेगळं, आणि दोन्ही भोगून संपवायचं. या गेममध्ये ती वहीच नाही. आहे फक्त एक आकडा, उणे 1000 ते अधिक 1000. वजाबाकी झाली, आता बेरीज करा की संपलं.

बेरीज किती सोपी आहे ते बघा. रिव्हेट सिटी नावाच्या वस्तीच्या दाराबाहेर एक भिकारी बसलेला असतो. शुद्ध पाण्याची एक बाटली दिली की अधिक 50. मी एकामागून एक बाटल्या देत गेलो. वीस बाटल्यांत शून्यावर आलो. पंचवीस झाल्या आणि गेम मला चांगला माणूस म्हणायला लागला. अख्खं गाव राख केलेल्या माणसाला! त्या भिकाऱ्याला तहान किती, गाव कुणी उडवलं, याच्याशी कशाचाच संबंध नाही. उलट एखाद्या घरात शिरून, कोणी बघत नसताना, कुणाचा तरी चमचा उचलला तर कर्म उणे 5. म्हणजे मेगाटन जाळणं म्हणजे दोनशे चमचे चोरणं. असा हिशेब कागदावर मांडल्यावर तो लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही?

बरं, कथेत काय बदललं? सांगतो. वडील शेवटी सापडतात. मुलाने गाव उडवलं हे त्यांना कळलेलं असतं. ते निराश होतात, दोन वाक्यं बोलतात आणि लगेच पाणी शुद्ध करायच्या प्रकल्पाकडे वळतात. माझा हात कीबोर्डवर थांबला होता. वाटलं, आता हा बाप मला हाकलून देणार, निदान तोंड तरी फिरवणार. काही नाही. पुढे जुन्या सरकारचा वारसा सांगणाऱ्या एन्क्लेव्हचे सैनिक येतात, वडील मरतात, एन्क्लेव्हशी लढणारे ब्रदरहुड ऑफ स्टीलचे लोक मला आपल्या किल्ल्यात घेतात आणि शक्तीचं चिलखत वापरायला शिकवतात. बॉम्बवाल्याला! मग प्रकल्पाला लागणारं ते यंत्र शोधायचं, कैद व्हायचं, सुटायचं, प्रकल्पावर हल्ला करायचा. एकही पायरी हलत नाही. स्फोटातून ती दुकानदारीण मॉयरा मात्र वाचते. चेहरा जळालेला, कातडी सोललेली. मला बघून ती फार रागावत नाही आणि जगण्याच्या मार्गदर्शक पुस्तकाची कामं पुन्हा देते. तिची कामं वाया जाऊ नयेत म्हणून तिला जिवंत ठेवलं, एवढंच मला दिसलं.

बदलतं ते सगळं कडेचं. रेडिओवरचा थ्री डॉग तुम्हाला शिव्या घालतो किंवा कौतुक करतो. वाईट असाल तर गुन्हेगारांची शिकार करणारे रेग्युलेटर मागे लागतात, चांगले असाल तर टॅलन कंपनीचे भाडोत्री. कोण सोबती येणार ते ठरतं. शेवटच्या निवेदनात काही वाक्यं फिरतात. बस.

आणि हे का होतं ते न कळण्याइतके आपण बावळट नाही. मुख्य कथेत तीन ठिकाणी जरी खरे दोन-दोन फाटे फोडले तरी शेवटापर्यंत आठ वाटा होतात, आणि प्रत्येक वाटेचे संवाद कलाकारांकडून बोलून घ्यायचे, दृश्यं बांधायची, तपासायची. एवढं करून खेळणाऱ्याला त्यातली एकच वाट दिसणार. म्हणून फाटा फुटतो आणि दोन प्रसंगांत परत मूळ रस्त्याला आणून जोडतात. हे मला समजतं, पैसा मर्यादित असतो. पण मीटर त्याहून खोल दुखणं आहे. आकडा फक्त "किती" सांगतो, "काय केलं" ते विसरतो. उणे 400 वर उभ्या माणसाने खून केला की ऐंशी चमचे चोरले, हे कथेला कळायची सोयच नाही. मग लेखकाने वडिलांच्या तोंडी काय घालावं? त्या आकड्यावर मुख्य कथेचा फाटा कसा लटकवणार? म्हणून आकडा रेडिओला देतात, दारावरच्या पहारेकऱ्याला देतात, आणि कथेला त्यापासून लांब ठेवतात.

तरी कोणी म्हणेल, मग शक्यच नाही ना? शक्य आहे! 2011 च्या 'द विचर 2' मध्ये चांगल्या-वाईटाचं मीटर नाहीच. गेमच्या पहिल्या प्रकरणाच्या शेवटी राजाच्या पथकाचा रोश की बंडखोर इओर्वेथ, एकाचा हात धरायचा. त्यावर अख्खं दुसरं प्रकरण वेगळं: वेगळी छावणी, वेगळी माणसं, त्याच लढाईची दुसरी बाजू. गेमचा मोठा तुकडा एका खेळीत दिसत नाही, तरी त्यांनी तो खर्च केला. तिथे आठवलं जातं कृत्य. दुसऱ्याच वर्षी 'मास इफेक्ट 3' मध्ये पॅरागॉन म्हणजे भलेपणाचे निळे आणि रेनिगेड म्हणजे निष्ठुरपणाचे लाल, दोन्ही गुण एकाच पट्टीत मिळवले. शेवटी कुठले पर्याय उघडतात ते मुख्यतः जमवलेल्या लष्करी ताकदीवर ठरतं, तुम्ही भले होता की निष्ठुर यावर नाही. तीन गेम तो निळा-लाल हिशेब सांभाळत आणला होता लोकांनी!

मला काही प्रचंड नको होतं. आठ शेवट नकोत. मेगाटन उडवल्यावर वडिलांनी एकदा, फक्त एकदा, माझ्याशी बोलणं नाकारलं असतं. त्या किल्ल्यात एखाद्या सैनिकाने विचारलं असतं की माझी बहीण तिथे राहायची, तू होतास ना? एका वाक्याला, एका रेकॉर्डिंगला किती लागतं? ते सोडून मला दिलं काय, तर टेनपेनी टॉवरमधली एक खोली. मी त्या गच्चीत उभा राहून अजून धुमसणारा खड्डा बघत होतो. मागून कोणीच काही बोललं नाही. मी सेव्ह केलं आणि गेम बंद केला.