नाडी आधी धावली की हृदय आधी थकलं?

«हृदय कमजोर झालं की ठोके वाढणारच. तुम्ही उलटं सांगताय. अशानं पेशंट हार्ट फेल्युअरच्या गोळ्या सोडून बसतील.»

नमस्कार. मी म्हटलं होतं की कधीकधी ठोके आधी वाढतात आणि त्या सततच्या वेगानेच हृदय कमजोर होतं; तुमचा आक्षेप त्यावर आहे. गोळ्यांची तुमची काळजी रास्त आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

थकलेलं हृदय ठोके वाढवतं, हे खरंच. पण ती वाढ माणसाच्या हालचालीबरोबर हलते. जिना चढला की ११५, गाढ झोपला की ८५.

आता समजा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यातला पन्नाशीचा कामगार आहे. दीड महिना धाप, पायांना सूज, रात्री आडवं पडता येत नाही. ईसीजीत ठोके १५०. इकोत पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं तो रक्ताचा वाटा, २५ टक्के; निरोगी हृदयाचं ५५ च्या आसपास किंवा वर असतं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या. इथे 'हृदय फुगलंय, म्हणून नाडी जलद' असं लिहून फाईल बंद करण्याचा मोह होतो, आणि चूक इथेच होते.

त्याला होल्टर, म्हणजे २४ तास ठोके नोंदवणारं यंत्र, लावा. जेवताना १५०, पहाटे तीनला गाढ झोपेतही १५०. मध्येच नाडी एकदम ७५ वर येते आणि पुन्हा १५० वर जाते. नैसर्गिक ठोके उतारावरून उतरावेत तसे हळूहळू कमी होतात. हे पायरीवरून पडल्यासारखे पडतात. कारण वरचे कप्पे मिनिटाला ३०० वेळा फडफडताहेत आणि खाली कधी दुसरा, कधी चौथा ठोका पोचतोय. हा एट्रियल फ्लटर. शंका उरलीच तर देखरेखीखाली ॲडेनोसिन शिरेतून झटकन देतात. काही सेकंद खालचे ठोके अडतात आणि ईसीजीवर फ्लटरच्या लाटांचे करवतीसारखे दाते उघडे पडतात.

फ्लटरचा वेग नुसत्या गोळ्यांनी सहसा नीट आवरत नाही. म्हणून रक्त पातळ करण्याचं औषध सुरू करून, अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना हे बघून, शॉकने ताल जागेवर आणतात. पुढे ॲब्लेशन, म्हणजे फ्लटर जिथून फिरतो ती वाट नळीतून जाऊन बंद करणं. तीन महिन्यांनी इकोत पंपिंग ५० टक्के दिसलं, तर दोष वेगाचाच होता. म्हणजे हे निदान पक्कं होतं ते मागे वळून पाहतानाच. ताल नीट राहूनही पंपिंग ३० वरच अडलं, तर स्नायूचा मूळ आजार शोधायला हवा.

आता गोळ्या. पंपिंग सुधारलं तरी स्नायू आतून पूर्ववत झालेला नसतो. फ्लटर परतला तर दुसऱ्या खेपेला पंपिंग पहिल्यापेक्षा लवकर कोसळू शकतं. म्हणून हार्ट फेल्युअरच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कार्डिओलॉजिस्टने सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

आणि तुम्ही म्हणता तशी नाडी खरोखरच कमजोरीमुळे वाढली असेल, तर ती दाबणं धोक्याचं. त्या वेगावरच रक्तदाब टिकून असतो. पंपिंग इतकं कमी असताना डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल ही ठोके कमी करणारी औषधंही टाळतात. आधी कोण धावलं हे ठरवण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच.