टप्पे अनंत, वेळ मात्र साडेचार सेकंद

«अनंत टप्पे पूर्ण करायला अनंत वेळ लागतो. म्हणून झेनोच्या शर्यतीत अकिलीस कासवाला कधीच गाठत नाही, आणि गणिताप्रमाणे चेंडूही उसळायचा थांबत नाही. प्रत्यक्षात तो थांबतो, म्हणजे गणितच खोटं.»

असा दावा नेहमी ऐकू येतो. आधी शर्यत बघू. ग्रीक तत्त्वज्ञ झेनो म्हणतो, पुढे असलेल्या कासवाच्या जागी अकिलीस पोहोचेपर्यंत कासव थोडं पुढे सरकलेलं असतं, आणि हे दर वेळी होत राहतं. अकिलीस आणि कासव ग्रीसमध्येच राहू द्या, आपण फैजपूर-सावदा रस्त्यावर उतरू. केळीचे घड भरलेली बैलगाडी सेकंदाला १ मीटर चालली आहे. तिच्या १०० मीटर मागे एक पोरगा सायकलवर आहे, सेकंदाला ५ मीटर वेगाने. गाडी आत्ता जिथे आहे तिथे पोहोचायला त्याला २० सेकंद लागतात, तेवढ्यात गाडी २० मीटर पुढे सरकते. ते २० मीटर ४ सेकंदांत कापले जातात, पुढचे ४ मीटर ०.८ सेकंदात. हे टप्पे खरोखरच संपत नाहीत, इथवर झेनोचं बरोबर आहे.

आता वेळांची बेरीज करा: २० + ४ + ०.८ + ... प्रत्येक पद आधीच्याच्या एक पंचमांश आहे, म्हणून पहिले २० सेकंद बाजूला ठेवले तर उरलेली सगळी रांग ही मूळ रांगेचीच एक पंचमांश प्रत ठरते. म्हणजे एकूण वेळेच्या चार पंचमांश म्हणजे २०, आणि एकूण वेळ २५ सेकंद. शाळेतल्या साध्या हिशेबाने पडताळा: २५ सेकंदांत सायकल १२५ मीटर जाते, गाडी २५ मीटर, आणि १०० चं अंतर मिटतं. शेवटचा टप्पा असा कुठलाच नाही, तरीही पंचविसावा सेकंद संपताना सगळे टप्पे मागे पडलेले असतात.

या दाव्याला उत्तर देताना अनेक जण घाईने म्हणतात, «पदं लहान होत जातात म्हणून बेरीज संपते.» हेही चूक आहे आणि मला ते जास्त खटकतं, कारण मग खरं कारण हातातून निसटतं. १ + १/२ + १/३ + १/४ + ... इथेही पदं लहान होतात. पण १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून परत अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठही तशीच. अर्ध्या-अर्ध्याची भर पडतच राहते, म्हणून ही बेरीज कुठल्याही आकड्यापुढे जाते. सायकलच्या वेळांसारख्या रांगेत, म्हणजे भूमिती श्रेढीत, दर वेळी एकाच गुणोत्तराने कपात होते आणि ते गुणोत्तर १ पेक्षा कमी असतं. बेरीज थांबते ती त्या ठरावीक कपातीमुळे.

चेंडूचंही तसंच, फक्त तिथे गुणोत्तरं दोन आहेत. रबरी चेंडू १.२२५ मीटरवरून फरशीवर सोडला आणि दर टप्प्याला तो आधीच्या उंचीच्या ६४ टक्के वर आला असं धरा. पहिल्यांदा तो फक्त खाली येतो: १.२२५ मीटर. मग ०.७८४ वर आणि तेवढाच खाली, म्हणजे १.५६८ मीटर, आणि पुढे दर वेळी ०.६४ पट. १.५६८ ला (१ − ०.६४) ने, म्हणजे ०.३६ ने भागलं की ४.३६ येतात. एकूण अंतर सुमारे ५.५८ मीटर. पहिलं पडणंही दुप्पट धरणं ही इथली नेहमीची चूक.

वेळेला मात्र ०.६४ लावायचं नाही. पडण्याची उंची म्हणजे ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. म्हणून उंची ०.६४ पट झाली तर वेळ तिच्या वर्गमुळाएवढी, ०.८ पट होते. पहिलं पडणं ०.५ सेकंद. पहिल्या टप्प्यानंतर वर ०.४, खाली ०.४, मिळून ०.८ सेकंद. ०.८ भागिले ०.२ म्हणजे ४, आणि एकूण ४.५ सेकंद. चुकून ०.६४ वापरलं तर २.७ सेकंद येतात. खरं काय ते मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून कळतं: टप्प... टप्प.. टप्प, मग टपटपटप एकच घाई. टप्प्यांमधली वेळेची अंतरं मोजा, एकाला मागच्याने भागा, ०.८ च्या जवळपास आकडे मिळतात.

उरला मुद्दा «प्रत्यक्षात चेंडू थांबतो» हा. गणितही तेच सांगतं, साडेचार सेकंदांनी थांबतो. खरा चेंडू अनंत वेळा उसळत नाही हे मान्य. उसळी फारच लहान झाली की तो फरशी सोडतच नाही, नुसता दबून थरथरतो. पण त्याने हिशेब किती बिघडतो? विसाव्या टप्प्यानंतरची उसळी ०.१६ मिलिमीटरची असते. तिथून पुढच्या सगळ्या, अनंत उसळ्यांचं मिळून अंतर १ मिलिमीटरहून कमी भरतं, आणि वेळ ०.०६ सेकंदाहून कमी.