मागणी शेवटी, म्हणे!

"ईमेलच्या पहिल्याच ओळीत मागणी करणं उद्धटपणाचं आहे. आधी विचारपूस, मग पार्श्वभूमी, मागणी अगदी शेवटी. मेल मोठा असला की समोरचा गांभीर्यानं घेतो. हीच आपली संस्कृती."

बडोद्यातल्या आमच्या नातलगांच्या ग्रुपवर हे फिरत होतं तोवर मी गप्प होतो. पण भाचीनं ते मनावर घेऊन प्राध्यापकांना शिफारसपत्रासाठी तसाच मेल लिहायला घेतला, तेव्हा राहवेना.

संस्कृतीचं आधी मिटवू. आजोबांची पत्रं काढून बघा: 'सा. न. वि. वि.' झालं की लगेच 'पत्र लिहिण्यास कारण की'. नमस्कार एका ओळीत, दुसऱ्या ओळीत काम.

आता तो उद्धटपणा. भाचीच्या मेलचा विषय होता 'विनंती' आणि सुरुवात 'आशा आहे, आपली प्रकृती उत्तम असेल'. सर मेल फोनवर बघणार. मेल न उघडता यादीत त्यांना विषय आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द दिसणार, म्हणजे प्रकृतीची चौकशीच. शिफारसपत्र हवंय हे चौथ्या परिच्छेदात, तारीख त्याच्याही खाली. मग आम्ही तो असा केला:

विषय: शिफारसपत्राची विनंती, २० जानेवारीपर्यंत

नमस्कार सर,
एमएस्सीच्या अर्जासाठी आपण मला २० जानेवारीपर्यंत शिफारसपत्र देऊ शकाल का? गेल्या वर्षी मी आपल्याकडे प्रकल्प केला होता. गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा सारांश सोबत जोडला आहे.

यात उद्धट काय आहे? नम्रपणा 'देऊ शकाल का' मध्ये आहे, नकाराला जागा ठेवण्यात आहे. मागणी किती खाली लपवली यावर तो ठरत नाही. तपासायचं असेल तर दुसऱ्या ओळीखालचं सगळं हातानं झाका. काय हवंय आणि कधीपर्यंत, हे कळलं नाही तर मेल फसला. 'आपल्याला एक विनंती करायची होती' ही नुसती दवंडी झाली, विनंती नव्हे. 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे.

मोठ्या मेलच्या गांभीर्याबद्दल एवढंच सांगतो: अमेरिकी लष्कराचा पत्रव्यवहाराचा नियम आहे, एआर २५-५०. मुख्य मुद्दा सुरुवातीलाच हवा, असं तो बजावतो. शिस्त आणि हुद्दे यांवर चालणाऱ्या फौजेला त्यात उद्धटपणा दिसत नाही, मग आपल्यालाच का दिसावा?

आता थोडं त्यांचंही खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. सांत्वनाचा मेल असा लिहू नये. वाईट बातमी किंवा नकार कळवायचा असेल तर आधी एखादं वाक्य कारणाचं चालतं. आणि अनोळखी माणसाला लिहिताना आपण कोण ते आधी सांगावंच लागतं, पण त्याच वाक्यात: 'मी अमुक विभागाची विद्यार्थिनी, मला अमुक कागद हवा आहे.' तिथे परिच्छेदभर आत्मचरित्र नको.