काळ्या कातडीला ऊन काय करतंय?

"मॅडम, आमची कातडी रापलेली. ऊन आम्हाला काय करतंय? ही मलमं गोऱ्या लोकांची."

हे बोलणारे काका पेशंट नव्हते. ते सुनेला घेऊन माझ्याकडे आले होते. सुनेच्या दोन्ही गालांवर बाळंतपणानंतर वांग आला होता आणि मी तिला सनस्क्रीन लिहून देत होते. काका अठ्ठावन्न वर्षांचे, जन्म सगळा शेतात गेलेला. ते खुर्चीतून उठले तेव्हा डावी टाच टेकत नव्हते. "पायाला काय झालंय?" तर म्हणाले, "काही नाही, कुरूप आहे." (त्यांना विचारून, ओळख पटणार नाही असं लिहितेय.)

आधी सुनेचं सांगते, कारण काकांचं म्हणणं निम्मं खरं आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त असतं आणि ते छत्रीसारखं काम करतं. १९७९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं होतं: कृष्णवर्णीयांच्या कातडीचा वरचा थर साधारण एसपीएफ १३ इतकं अडवतो, गोऱ्यांचा ३ च्या आसपास. आपण बहुतेक जण या दोन्हींच्या मधले. म्हणून उन्हामुळे होणारे कातडीचे कॅन्सर आपल्याकडे गोऱ्यांच्या मानाने खूपच कमी दिसतात. हे मान्य करायला डॉक्टरांना अवघड का जातं, कळत नाही. पाश्चात्त्य देशांतली भीती जशीच्या तशी इथे आणून विकली की लोकांचा पुढच्या खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

पण छत्री उघडते तीच डाग पाडत. जी कातडी रंग जास्त बनवते, ती बिघडली की रंगही जास्तच ओतते. वांग, मुरुमाचे मागे राहणारे डाग, भाजल्याचा काळा व्रण हे त्रास आपल्याच कातडीला जास्त. आणि इथे फक्त अतिनील किरण दोषी नाहीत. डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा गडद कातडीला काळवंडवतो. गोऱ्या कातडीवर तोच प्रयोग केला तर तसा परिणाम दिसला नाही. नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे कातडीच्या रंगाचं, 'टिंटेड' सनस्क्रीन. त्यामुळे सुनेला मी तेच लिहून दिलं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन पूर्ण रेघा भरतील एवढं लावायचं. शेतात असेल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि वरून पदर किंवा स्कार्फ. वाटाण्याएवढं लावून "फरक पडत नाही" म्हणणारे रोज भेटतात. पैसे नसतील तर स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी आधी, ट्यूब नंतर.

(मेडिकलवाल्याला विचारून आणलेली 'गोरं करणारी' ट्यूब मात्र आधी बंद. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते आणि वांग दुप्पट जोमाने परत येतो. या ट्यूबांवर वेगळी पोस्ट लिहीन, रागाने लिहीन.)

आता काकांची टाच. दीड वर्षापूर्वी तिथे काळा ठिपका दिसला. काटा मोडला असेल म्हणून सुईने उकरून पाहिलं. काटा निघाला नाही म्हणून बिब्ब्याचा चटका दिला. बिब्ब्याने कातडी काळीच होते, त्यामुळे पुढचे काही महिने काळेपणा कुणाला खटकलाच नाही. मग कॉर्न कॅप. मग एका दवाखान्यात ब्लेडने 'कुरूप' कापलं, दोनदा, आणि कापलेला तुकडा तपासायला न पाठवता फेकून दिला. माझा राग बिब्ब्यावर नाही, त्या फेकलेल्या तुकड्यावर आहे.

मी डर्मोस्कोप लावला. हे दिवा असलेलं, दहापट मोठं दाखवणारं भिंग. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्याच रेषा असतात. शेतकऱ्याला समजावणं सोपं आहे: वरंबे आणि सऱ्या. साध्या तिळाचा काळेपणा बहुधा सरीत असतो. मेलॅनोमाचा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचा, काळेपणा वरंब्यावर चढतो आणि त्यात घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके दिसतात. काकांच्या टाचेवर कडेने सगळे वरंबे काळे होते, मध्ये जखम होती. बायोप्सी घेतली. वरवर खरवडून नाही, खोलवर, कारण या आजारात किती मिलिमीटर खोल गेलंय यावरच बरंचसं भवितव्य ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं वाचतात. काकांचं ३.४ निघालं.

रिपोर्ट ऐकून त्यांनी विचारलं, "पण तळपायाला ऊन लागलंच कुठं, मॅडम?"

अगदी बरोबर प्रश्न. नाहीच लागलं. तळपाय, तळहात आणि नखाखाली होणाऱ्या या मेलॅनोमाचा उन्हाशी संबंध फार कमी, म्हणून तो सनस्क्रीनने टळतही नाही. तो आपल्याला गोऱ्यांपेक्षा जास्त होतो असंही नाही. आपल्यात बाकीचे मेलॅनोमा विरळ, त्यामुळे जे होतात त्यांत याचा वाटा मोठा. 'काळ्या कातडीला काही होत नाही' या समजामुळे तिथे कुणी बघत नाही आणि सापडतो तेव्हा उशीर झालेला असतो. जमैकन गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच होता. आधी ती फुटबॉलची इजा वाटली. निदान १९७७ मध्ये झालं, अंगठा काढायला तो तयार झाला नाही, आणि १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला.

तेव्हा गडद कातडीवर बघायचं ते तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांना आणि नखांना. नखावर उभी काळी रेघ दिसली की घाबरून फोन करू नका. आपल्याकडे अशा फिकट रेघा अनेक नखांवर असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. एकाच नखावर, मध्यम वयानंतर नवी आलेली, रुंद होत जाणारी, आणि जिचा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरलाय, ती रेघ दाखवायची. ठेच लागून नख काळं झालं असेल तर महिन्याच्या अंतराने दोन फोटो काढा. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. तसं दिसलं नाही तर या. तळपायावरचं 'कुरूप' काळं असेल, किंवा महिन्याभरात भरत नसेल, तर कापणाऱ्याला म्हणा, तुकडा तपासायला पाठवा. बिनरंगाचा, लालसर मांसासारखा मेलॅनोमाही असतो, म्हणून काळा नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

ज्यांना कातडीत रंगच नाही अशा जन्मजात पांढऱ्या कातडीच्या माणसांना यातलं काहीच लागू नाही. त्यांच्यासाठी ऊन हाच कॅन्सर आहे, घर काळ्यासावळ्यांचं असलं तरी. त्यांना लहानपणापासून पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, आणि दर काही महिन्यांनी तपासणी.

काकांची टाच शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये बरीच रुंद कापली, मांडीची कातडी लावली. जांघेतली एक गाठ तपासली, त्यात आजार पोचलेला होता. औषध चालू आहे. गेल्या आठवड्यात दोघं आले. सुनेचा वांग फिकटलाय. दर रविवारी ती मोबाइलच्या टॉर्चने सासऱ्यांचा उजवा पाय बघते, आणि आता सासूबाईंचेही. सासूबाईंच्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ आहे म्हणाली. कधीपासून, ते कुणालाच आठवत नाही. सोमवारी घेऊन ये म्हटलंय.