पावसाळी पँट आणि चढावरचा घाम : एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचा लेख वाचून "श्वास घेणारी" वॉटरप्रूफ पँट घेतली. पहिल्याच खड्या चढावर आतून चिंब. बाजूची चेन उघडली तर पाऊस आत. मग साध्या पँटमध्ये भिजणं काय वाईट? असल्या गोष्टी लोकांच्या गळ्यात मारू नका.»

तुमचा राग समजतो, कारण "श्वास घेणारं कापड" या शब्दांनी अपेक्षा फार वाढतात. त्या कापडातलं मेम्ब्रेन, म्हणजे आतला पातळ पडदा, फक्त वाफ बाहेर सोडतं. घामाचा थेंब एकदा तयार झाला की तो तिथून जात नाही. वाफही तेव्हाच जाते, जेव्हा आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच ओलसर आणि गरम असते. उबदार पावसात बाहेरची हवाच ओलीकच्च असते, त्यामुळे हा फरक उरत नाही. त्यात बाहेरच्या बाजूचं पाणी झटकणारं लेपन झिजलं असेल तर कापड पाणी पिऊन बसतं आणि वाफेची उरलीसुरली वाटही बुजते.

आता चढावर शरीर किती उष्णता तयार करतं ते पाहा. पाठीवरच्या सॅकसकट 80 किलो वजन तासाभरात 400 मीटर वर न्यायचं, तर स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग चढण्यात जातो. बाकीची उष्णता होते, अंदाजे अडीचशे ते तीनशे वॅट. ती सगळी घामानेच घालवायची म्हटली तर तासाला चारशे मिलिलिटरच्या आसपास घाम लागेल. त्यात सगळ्यात जास्त राबतात मांड्या, आणि त्याच नेमक्या पँटच्या आत बंद असतात. हा भार एकट्या मेम्ब्रेनवर टाकून चालत नाही. हवा खेळती ठेवावी लागते, आणि चेन त्यासाठीच असते.

पाऊस आत आला, म्हणजे चेन बहुधा खालून उघडली असावी किंवा पूर्ण उघडली असावी. कमरेपासून घोट्यापर्यंत चेन असलेल्या पँटला सहसा दोन रनर, म्हणजे चेन उघडण्या-लावण्याचे सरकते खटके, असतात. कमरेचं बटण लावलेलंच ठेवा आणि वरचा रनर खाली ओढून मांडीच्या मध्यापर्यंत आणा. या फटीचा वरचा भाग जॅकेटच्या घेराखाली झाकला जातो. चढताना पावसाचा मारा मुख्यतः उचललेल्या मांडीच्या पुढच्या बाजूवर बसतो, कडेला कमी. प्रत्येक पावलाला पँट मांडीवर दाबली जाते आणि सुटते, तेव्हा लोहाराच्या भात्यासारखी ओली हवा बाहेर फेकली जाते. वारा एका बाजूने असेल तर फक्त आडोशाच्या पायाची चेन उघडा. खालचा रनर गुडघ्याच्या खालपर्यंत वर घेतला तर खालून हवा शिरून वरच्या फटीतून बाहेर पडते, पण हे चिखल आणि ओलं गवत नसेल तरच. बूट आणि पोटरी झाकणारे गेटर घातले असतील तर खालची वाट बंदच असते. सॅकचा कमरपट्टा चेनवर येत असेल तर फट पट्ट्याच्या खालून सुरू करा, नाहीतर ती दबून बंद होते.

वेळ मात्र सगळ्यात महत्त्वाची. चेन चढ सुरू होण्याआधी उघडायची, थोडी थंडी वाजत असतानाच. घाम फुटल्यावर उघडलीत तर आतलं पाणी सुकवायला तेवढी हवा पुरत नाही. समजा दोन तासांचा चढ आहे आणि वर खिंडीत वारा आहे. पायथ्याशी चेन मांडीपर्यंत उघडा, पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश चाला, खिंडीच्या थोडं आधी, वारा लागण्यापूर्वी, दोन्ही चेन बंद करा. वर जाऊन बंद करू म्हटलंत तर ओलसर मांड्यांवर वारा बसतो आणि पाय आखडतात. आत कॉटन नको. पातळ पॉलिएस्टरची पँट किंवा नुसती शॉर्ट्स पुरे, कारण दोन जाड थरांत हवेला जागाच उरत नाही.

तुमच्या पँटला फक्त घोट्याजवळ चेन असेल, तर ती बुटांवरून पँट चढवण्यासाठी असते. तिच्याने मांड्यांचं काम होत नाही. अशा वेळी, हवा उबदार असेल तर, तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे : पँट सॅकमध्ये ठेवून शॉर्ट्समध्ये भिजत चढा आणि वारा लागायच्या आधी ती अंगावर चढवा. गारठा आणि वारा असताना मात्र साधी ओली पँट अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते, तिथे हा मार्ग नको.

एक तपासणी नक्की करा. ओल मांड्यांवर आणि गुडघ्यामागे सगळीकडे सारखी, पातळ असेल तर तो घाम. बसण्याच्या जागी, गुडघ्यावर किंवा एखाद्या शिवणीच्या रेषेतच असेल तर गळती. खात्री हवी असेल तर पँट उलटी करून संशयाची जागा खोलगट धरा, तिथे थोडं पाणी ओता आणि दहा मिनिटांनी खालची बाजू चाचपा. तिथे थेंब आले तर चेनचा प्रश्नच नाही, पँट गळते आहे. थेंब शिवणीच्या रेषेत असतील तर शिवणीवरची पट्टी सुटली आहे आणि ती बदलून घ्यायला हवी.