पन्नास टक्के जादा एरियाचा हिशोब (एका प्रतिक्रियेला उत्तर)

आमच्या जुन्या बिल्डिंगच्या पुनर्विकासात सभासदांना ३५ टक्के जादा एरिया मिळतोय, ते अडीच वर्षांत कसं ठरलं हे मी लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"एवढं मोठं लिहून शेवटी काय, तर अडीच वर्षं नुसत्या मीटिंगा. आमच्या बाजूच्या सोसायटीने सहा महिन्यात बिल्डर फायनल करून घरं रिकामी पण केली, आणि त्यांना ५० टक्के जादा एरिया मिळतोय. तुम्ही ३५ वर खूश? आणि ५१ टक्के लोकांनी उरलेल्यांवर जबरदस्ती करायची ही कसली लोकशाही?"

राग समजतो, आमच्या बिल्डिंगमधेही पहिलं वर्षभर हेच ऐकलंय, तेही जिन्यात, त्यामुळे सवय आहे. तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण तो लवकर संपेल, खरी गंमत एरियात आहे.

५१ टक्के म्हणजे मीटिंगला हजर असलेल्यांपैकी नाही हो, एकूण सभासदांपैकी. २००९ च्या नियमावलीत तीन चतुर्थांशची अट होती, जुलै २०१९ च्या शासन निर्णयात ती ५१ वर आली. आम्ही २४ सभासद, म्हणजे किमान १३ जणांची लेखी संमती लागते, आणि सभेचं व्हिडिओ शूटिंगही करावं लागतं. आमच्याकडे २१ जणांनी दिली. उरलेल्या तिघांवर जबरदस्ती झाली का? त्यांना एरिया तोच, नवीन घर होईपर्यंत बिल्डरने द्यायचं भाडं तेच, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम तीच, एक पैसा कमी नाही. पण सभेने रीतसर ठराव केल्यावर दोन-तीन जण घर अडवून बसले तर बाकीच्यांनी काय करायचं, गळत्या स्लॅबखाली बसून राहायचं? हायकोर्टानेही वेळोवेळी हेच म्हटलंय की सोसायटीचा निर्णय सभासदाला बंधनकारक असतो. तिघांपैकी तळमजल्यावरच्या काकूंची भीती मात्र खरी होती, वय ७८, नवीन घर बाराव्या मजल्यावर आलं आणि लिफ्ट बंद पडली तर? याचं उत्तर ठरावात नव्हतं. शेवटी पहिल्या तीन मजल्यांमधलाच फ्लॅट देणार असं अ‍ॅग्रीमेंटमधे लिहून घेतलं तेव्हा त्यांनी सही केली. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं, तिथे तुमचा टोमणा बरोबर बसतो.

आता ५० टक्के. आमचे आकडे देतो, मुंबई उपनगरातली चार मजल्यांची जुनी बिल्डिंग, २४ फ्लॅट, प्रत्येकी ४५० फूट कार्पेट, म्हणजे सगळ्यांचे मिळून १०,८०० फूट. पीएमसीने, म्हणजे आम्ही नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराने, फिजिबिलिटी काढली त्यात मूळ एफएसआय म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधता येतं ते प्रमाण, प्रीमियम भरून मिळणारा, टीडीआर म्हणजे बाहेरून विकत आणायचा बांधकामाचा हक्क, फंजिबल नावाचा जादा एफएसआय, सगळं धरून साधारण २९,००० फूट बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, बांधता येतं असं निघालं. हा आकडा वाढत नाही, बिल्डर कितीही दिलदार असला तरी. तो ठरतो प्लॉटवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर.

३५ टक्के जादा दिले तर सभासदांचं कार्पेट १४,५८०, बिल्टअप करायला दहा टक्के धरा, १६,००० च्या आसपास. बिल्डरकडे विकायला उरतात १३,०००. ५० टक्के दिले तर सभासदांनाच जवळपास १७,८०० लागतात आणि विकायला उरतात ११,२००. फरक १,८०० फूट बिल्टअप, म्हणजे १,६०० च्या वर कार्पेट, अडीच-तीन फ्लॅट. आमच्या भागात २५,००० रुपये फूट पकडला तर ४ कोटी झाले. आणि आम्हा २४ जणांचं भाडं महिना ३५,००० प्रमाणे ८ लाख ४० हजार, तीन वर्षांचं ३ कोटी. म्हणजे ५० टक्क्यांची ऑफर देणारा बिल्डर तीन वर्षांच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम पहिल्याच दिवशी सोडून देतोय! ती कुठून काढणार? एकतर त्याचा मार्जिन तेवढा जाड आहे, किंवा फ्लॅट महाग विकले जातील या आशेवर आहे, नाहीतर पुढे भाडं थकणार. आमच्याकडे पाच टेंडर आली त्यात ५२ टक्केवालाही होता. त्याला फक्त एवढंच विचारलं, हिशोब दाखवा. त्याने दाखवला त्यात टीडीआरचा खर्च बाजारभावाच्या निम्मा धरलेला होता. तिथेच विषय संपला.

आणि ५० टक्के कशावर हेही विचारा. जुन्या घराचं कार्पेट मोजताना आतल्या पार्टिशनच्या भिंती धरत नाहीत, रेराच्या कार्पेटमधे धरतात. म्हणजे जुनं जुन्या पद्धतीने आणि नवीन रेराने मोजलं की काही टक्के कागदावरच वाढतात, खोली तेवढीच राहते. आम्ही दोन्ही एकाच पद्धतीने मोजून घेतलं, म्हणून आमचे ३५ दिसायला कमी दिसतात.

आता अडीच वर्षांचं. नोव्हेंबर २०२२ ला पुनर्विकास करायचा हा ठराव, फेब्रुवारी २०२३ ला पीएमसी, ऑगस्टला टेंडर, जानेवारी २०२४ ला रजिस्ट्रारच्या अधिकाऱ्यासमोर बिल्डरची निवड, जुलैत डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर, फेब्रुवारी २०२५ ला आयओडी म्हणजे महापालिकेची प्लॅनला मंजुरी, एप्रिलमधे घरं रिकामी. यातले चार-पाच महिने आमच्या चुकीने गेले, एका सभेच्या नोटिशीचे १४ दिवस पूर्ण भरले नव्हते, एकाने हरकत घेतली आणि सगळी सभा परत घ्यावी लागली. ते सोडलं तर बाकीचा वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण या सगळ्या काळात आम्ही आमच्या स्वतःच्या घरात राहत होतो. भाड्याचं मीटर आम्ही बाहेर पडल्यावर सुरू झालं.

बिल्डरला नेमकं उलटं हवं असतं. बिल्डिंग लवकर रिकामी झाली की ती पाडता येते, आणि एकदा पाडली की तुमच्या हातात फक्त कागद उरतो. म्हणून आम्ही ताबा सोडायच्या आधी चार गोष्टी अडवून धरल्या. आयओडी आलेला हवा आणि त्याच्या प्लॅनमधे प्रत्येक सभासदाचा फ्लॅट एरियासकट दिसायला हवा. टीडीआर विकत घेतल्याची कागदपत्रं, नुसतं "घेतोय" नाही. भाड्याचे पहिल्या वर्षाचे पोस्ट डेटेड चेक. आणि बँक गॅरंटी. शासन निर्णयात गॅरंटी प्रकल्प खर्चाच्या २० टक्के म्हटलीये, पण प्रत्यक्षात बिल्डर इथे हात आखडता घेतात, आमच्यानेही घेतलाच, मग कमी गॅरंटीच्या बदल्यात विक्रीचे चार फ्लॅट ओसी म्हणजे राहायला जायचा दाखला येईपर्यंत विकायचे नाहीत असं लिहून घेतलं. यात सर्वात जास्त भांडण टीडीआरवर झालं, तीन महिने. बिल्डरचं म्हणणं प्लिंथ झाल्यावर घेतो, तेव्हा बुकिंगचे पैसे येतील. म्हणजे बुकिंग झालं नाही तर? वरच्या मजल्यांचं सीसी म्हणजे बांधकामाची परवानगीच मिळणार नाही, आणि सातव्या मजल्यावर उघडा सांगाडा घेऊन चोवीस कुटुंबं भाड्याच्या घरात.

तुमच्या बाजूच्या सोसायटीत कोणी ओळखीचं असेल तर त्यांना ५० टक्क्यांबद्दल काही बोलू नका, उगाच वाद होईल. फक्त आयओडीची तारीख आणि घरं रिकामी केल्याची तारीख विचारा. रिकामी आधी आणि आयओडी नंतर असेल, किंवा अजून आलाच नसेल, तर पुढच्या वर्षाचे भाड्याचे चेक मिळालेत का तेही विचारा. असेल सगळं व्यवस्थित तर मी इथेच तसं लिहीन, मला काय त्यांचं वाईट व्हावं असं थोडंच वाटतंय.

आमचं सध्या तिसऱ्या स्लॅबचं काम चालूये. भाडं ५ तारखेला येतं, एकदा ११ ला आलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी सोसायटीचं पत्र बिल्डरच्या टेबलावर होतं.