"माझ्याकडे तर नीट दिसतंय" हे वाक्य आता बंद करा

परत तेच. रोबोटचं मॉडेल आलं, इंजिनमध्ये टाकलं, उजवा हात एकदम व्यवस्थित आणि डावा हात आरपार. म्हणजे हाताची आपल्याकडची बाजू गायब आणि तिच्या जागी पलीकडच्या बाजूचं आतलं अंग दिसतंय, पोकळ नळीत डोकावल्यासारखं. कॅमेरा फिरवला की तो हात उलट दिशेला वळतोय असं वाटतं, कारण डोळ्याला जवळचा वाटतो तो भाग खरं तर लांबचा असतो. डोकं गरगरतं बघून. आणि पाठवणाऱ्याला विचारलं की ठरलेलं उत्तर, "माझ्याकडे तर नीट दिसतंय, तुझ्या इंजिनचा प्रॉब्लेम असेल."

नाहीये इंजिनचा प्रॉब्लेम! तुझ्याकडे नीट दिसतंय कारण तुझ्या व्ह्यूपोर्टमध्ये बॅकफेस कलिंग बंद आहे. ब्लेंडरचा व्ह्यूपोर्ट मुळात फेसच्या दोन्ही बाजू दाखवतो, म्हणून फेस सुलटा असो नाहीतर उलटा, तिथं काही कळत नाही. गेम इंजिन तसं करत नाही. बंद आकाराच्या मॉडेलचे साधारण अर्धे त्रिकोण कुठल्याही क्षणी कॅमेऱ्याकडे पाठ करून असतात, ते पुढच्या त्रिकोणांमागे झाकलेच जाणार, मग त्यांचे पिक्सेल रंगवण्यात वेळ का घालवायचा, म्हणून जीपीयू त्यांना आधीच बाद करतो. इतकंच ते कलिंग. आता त्रिकोणच उलटा असेल तर जीपीयू बिचारा पुढचे बाद करणार आणि मागचे रंगवणार, त्यानं दुसरं करायचं तरी काय?

आणि उलटा म्हणजे काय हे एकदा समजून घ्या राव, कारण निम्मी भांडणं इथंच होतात. कलिंग करताना जीपीयू तुमच्या फाइलमध्ये साठवलेल्या नॉर्मलकडे ढुंकूनही बघत नाही. तो बघतो फक्त त्रिकोणाचे तीन कोपरे स्क्रीनवर कुठल्या क्रमानं येतात ते, म्हणजे वाइंडिंग. ओपनजीएलमध्ये आणि जीएलटीएफ फाइलमध्ये घड्याळाच्या उलट्या दिशेनं आले की ती पुढची बाजू, डायरेक्टथ्रीडीच्या डिफॉल्टमध्ये आणि युनिटीत घड्याळाच्या दिशेनं. हा फरक इम्पोर्टर सांभाळून घेतो, तो कुणी कारण म्हणून सांगू नका. क्रम ओळखायचं गणित एवढंसं आहे:

```
s = (Bx-Ax)*(Cy-Ay) - (Cx-Ax)*(By-Ay)
```

उत्तर अधिक आलं तर घड्याळाच्या उलट, वजा आलं तर घड्याळाप्रमाणे (वाय अक्ष वरच्या दिशेला धरून). आता उजव्या हाताचा एक त्रिकोण घ्या, A (0,0), B (1,0), C (0,1). s येतो 1, म्हणजे पुढची बाजू. मग आमच्या मित्रानं डावा हात कसा बनवला, तर उजव्याची कॉपी घेतली आणि एक्समध्ये स्केल -1 टाकलं. B झाला (-1,0), बाकीचे दोन तिथंच. परत आकडे टाका, s येतो -1. कोपरे तेच, क्रम तोच A, B, C, पण आरशात गेल्यावर फिरायची दिशा उलटली आणि अख्ख्या हाताचा प्रत्येक त्रिकोण जीपीयूच्या लेखी पाठमोरा झाला.

स्केल ऑब्जेक्टवर नुसतं ठेवलेलं असेपर्यंत बहुतेक सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतात. ट्रान्सफॉर्मचा डिटरमिनंट ऋण आहे असं दिसलं की ते पुढची-मागची बाजू स्वतःच अदलाबदल करतात, जीएलटीएफच्या नियमातच तसं लिहिलंय. बोंब होते ती वाटेत कुठल्यातरी टप्प्यावर ते -1 थेट व्हर्टेक्समध्ये मुरवलं जातं आणि त्रिकोणांचा क्रम मात्र कुणी बदलत नाही तेव्हा. स्केल गेलं, खूण गेली, उलटा क्रम तेवढा उरला. खरं तर 0, 1, 2 च्या जागी 0, 2, 1 लिहिलं की संपलं. पण ते वेळेवर कुणी करत नाही आणि आम्ही डिलिव्हरीच्या दिवशी हाताचे त्रिकोण तपासत बसायचं!

त्यात सल्ले देणारे वेगळेच. "नॉर्मल फ्लिप कर ना" म्हणे. कुठले नॉर्मल? ब्लेंडरमध्ये फेसचा नॉर्मल कोपऱ्यांच्या क्रमावरूनच ठरतो, त्यामुळे तिथं फ्लिप केलं की वाइंडिंगही फिरतं, ठीक आहे. पण इंजिनमध्ये पोचल्यावर व्हर्टेक्स नॉर्मल ही वेगळी साठवलेली गोष्ट असते आणि ती मुख्यतः प्रकाशासाठी वापरतात. तिथं कोडमधून नॉर्मलला वजा केलंत तर गायब झालेला भाग परत येणार नाही, उलट जे दिसतंय त्यावरचा उजेड बिघडेल. यावरून ओळखताही येतं बघा. भाग दिसतच नाही किंवा आतून दिसतो, तर वाइंडिंग उलटं. भाग जागच्या जागी आहे पण दिव्याच्या बाजूला काळा आणि विरुद्ध बाजूला उजळ, तर साठवलेले नॉर्मल उलटे. दोन रोग आहेत, एकच औषध देत सुटू नका.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "मटेरियल डबल साइडेड कर, झालं" याच्यावर. नाही झालं! कलिंग बंद केल्यावर हात दिसायला लागतो हे खरं, पण त्रिकोण अजून पाठमोराच आहे. चांगला शेडर पाठमोऱ्या बाजूसाठी नॉर्मल फिरवून घेतो, म्हणजे साठवलेले नॉर्मल बरोबर असतील तर ते आता चुकीचे होतात आणि हात काळवंडतो. वर बंद आकाराच्या आतल्या बाजूंचं फुकटचं काम जीपीयूच्या गळ्यात. आणि हे न मागताही होतं, ब्लेंडरच्या मटेरियलमध्ये `Backface Culling` टिक केलेलं नसेल तर जीएलटीएफ एक्स्पोर्ट `doubleSided` खरं करूनच फाइल देतो. चूक झाकली जाते आणि कुणीतरी पुढं मटेरियल बदललं की त्याच्या अंगावर पडते. झाडाची पानं, कापड, कागद यांना डबल साइडेड हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. रोबोटच्या जाडजूड हाताला कशाला?

पाठवण्याआधी करायचं काय, तर आधी `Ctrl+A` नं स्केल अप्लाय करा, मग ओव्हरले मेनूतलं `Face Orientation` चालू करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ऋण स्केल तसंच असेल तर ब्लेंडर ते सांभाळून घेतं आणि तुम्हाला सगळं ठीक दिसतं. उलटे फेस लाल दिसतात. दिसले की एडिट मोडमध्ये सगळं सिलेक्ट करून `Shift+N`. बंद आकाराला हे बहुतेक वेळा पुरतं. पण जाडी नसलेला नुसता पत्रा असेल, किंवा आत फालतू फेस अडकलेले असतील, तर आत-बाहेर ठरवायला सॉफ्टवेअरकडे धड आधारच नसतो, ते अंदाज लावतं आणि तो चुकतो, तिथं लाल फेस हातानं निवडून `Alt+N` मधून फ्लिप करावे लागतात. आणि घराच्या आतून बघायच्या खोलीला तर `Shift+N` मारूच नका, तिथं भिंतींनी आत तोंड करायला हवं आणि हे बटण त्यांना बाहेर फिरवणार, मग खोलीत उभं राहिलं की भिंती नाहीत म्हणून परत मलाच फोन येणार.